सरांचं डोकं, नातवाचं अंग

मोठ्या माणसाचं डोकं लहान मुलाच्या धडावर बसवायचं म्हटलं की बहुतेक जण पहिल्यांदा विचारतात, "कापायचं कसं?" कापणं सोपं आहे. दोन-चार महिने फोटोशॉपवर बसलेलं पोरगंही केसांची कड नीट सोडवतं. खरा प्रश्न आहे, डोकं किती मोठं ठेवायचं? आणि त्याच्या आधीचा प्रश्न, डोकं कुठून कुठपर्यंत मोजायचं? आपल्या लोकांच्या बाबतीत हा दुसरा प्रश्न जरा जास्तच अवघड आहे. त्याचं कारण वरून टोपी आणि खालून दाढी.

आमच्या जवळा बाजारात फ्लेक्सचं काम बारमाही असतं. वाढदिवस, निवडी, हजहून परत आलेल्यांचं स्वागत, दुकानाचं उद्घाटन. त्यात नव्वद टक्के काम चेहऱ्यांच्या गोल चकत्या लावण्याचं. विनोदी पोस्टर क्वचितच येतं. गेल्या वर्षी आलं ते एका उर्दू शाळेच्या मुख्याध्यापकांच्या निरोप समारंभाचं. अठ्ठावन्न वर्षं पूर्ण झाली, आता सर निवृत्त होणार. माजी विद्यार्थ्यांची कल्पना अशी की सर पहिलीच्या गणवेशात, पाठीला दप्तर, गळ्यात पाण्याची बाटली, आणि वर ओळ : "नवीन प्रवेश". छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या मुलांना पहिलीत बसवलं, आता स्वतः बसा, असा त्यातला लाडिक टोमणा.

कल्पना गोड होती. पण सर उंचीने कमी. पाच फुटांच्या आतबाहेर. शाळेत त्यांच्या पाठीमागे पोरं काय म्हणायची ते गावातल्या प्रत्येकाला माहीत, आणि सरांनाही माहीत. म्हणजे पोस्टर जरा चुकलं तर ते "सर लहान मूल झाले" असं न दिसता "सर बुटके आहेत" असं दिसणार. पहिला विनोद प्रेमाचा, दुसरा जखमेवर मीठ. खिल्ली उडवण्याबद्दल सूरह हुजुरातमध्ये जी ताकीद आहे ती जुम्म्याच्या बयानात सगळ्यांनीच ऐकलेली असते, पण फ्लेक्सच्या ऑर्डरी देताना ती कुणाच्या लक्षात राहत नाही. आणि या दोन विनोदांतला फरक शब्दांत नव्हता, डोक्याच्या मापात होता.

हे माप समजायला शरीराची वाढ थोडी समजावी लागते. नुकत्याच जन्मलेल्या बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या जवळजवळ पाव असतं. बाळ चार डोक्यांएवढं लांब, असं चित्रकार म्हणतात. दोन वर्षांचं मूल पाच डोक्यांचं, सहा वर्षांचं साधारण सहा डोक्यांचं, आणि पूर्ण वाढलेला माणूस सात ते साडेसात डोक्यांचा. कारण सरळ आहे. मेंदू सगळ्यात आधी वाढतो. सहाव्या वर्षापर्यंत तो मोठ्या माणसाच्या मेंदूच्या सुमारे नव्वद टक्के झालेला असतो. कवटी त्याच्याबरोबर वाढते. मग हातपाय मागून येतात आणि दहा-बारा वर्षं तेच वाढत राहतात.

पण डोक्यातही दोन भाग आहेत, आणि इथेच बहुतेक पोस्टरं फसतात. कवटी लवकर वाढते, चेहरा उशिरा. जबडा, नाक, गालाची हाडं ही दात येत-पडत असताना आणि पुढे वयात येईपर्यंत वाढतात. म्हणून मुलाचं कपाळ मोठं आणि डोळ्यांखालचा चेहरा आखूड दिसतो. मोठ्या माणसाचे डोळे डोक्याच्या बरोब्बर मध्यावर असतात. विश्वास बसत नसेल तर आरशासमोर पट्टी धरून बघा, डोळ्यांच्या वर तेवढंच डोकं असतं जेवढं खाली. मुलाचे डोळे मात्र मध्याच्या खाली असतात.

आता दोन सिनेमे आठवा. 'अप्पू राजा' मध्ये कमल हासन बुटका झाला होता, 'पा' मध्ये अमिताभ बारा वर्षांचा मुलगा. कमल हासनने पाय दुमडून आखूड केले, चेहरा आणि धड मोठ्याचंच राहिलं. पाहणाऱ्याला तो एक क्षणही लहान मूल वाटत नाही, कमी उंचीचा तरुणच वाटतो, आणि तसंच वाटायला हवं होतं. 'पा' मध्ये उलटं केलं. मेकअपने डोकंच मोठं केलं, कपाळ आणि टाळू वर चढवली, आणि त्याच्यासमोर चेहरा लहान दिसू लागला. त्या सिनेमातल्या मुलाला प्रोजेरिया नावाचा आजार दाखवला आहे आणि त्या आजारात खरोखरच डोकं चेहऱ्याच्या मानाने मोठं दिसतं. आपल्याला इथे आजाराशी देणंघेणं नाही, फक्त एवढं घ्यायचं की माणूस मूल वाटतो तो नुसता आखूड केल्याने नाही, डोकं मोठं आणि कपाळ उंच केल्याने.

सरांच्या पोस्टरसाठी अंग कुणाचं घ्यायचं, यावर समितीने इंटरनेटवरून कुठलं तरी गोंडस पोरगं उचलायचं ठरवलं होतं. मी नको म्हणालो. कुणाचं तरी मूल त्याच्या आईबापाला न विचारता फ्लेक्सवर लावायचं हे मला पटत नाही, मग डोकं कापलेलं का असेना. सरांचा नातू नेमका सहा वर्षांचा आणि त्याच शाळेत. त्याच्या वडिलांनी आनंदाने हो म्हटलं. शिवाय घरच्यांना बघताक्षणी कळणार की हे अंग कुणाचं, तो हशा वेगळाच.

फोटो काढताना एक गोष्ट आवर्जून केली. मोठी माणसं मुलांचे फोटो उभ्या उभ्या, वरून काढतात. त्यामुळे डोकं मोठं, पाय बारीक आणि बूट वरून दिसतात. अशा धडावर समोरून काढलेलं मोठ्याचं डोकं कधीच बसत नाही; कितीही रंग जुळवा, काहीतरी चुकलंय असं वाटतच राहतं. मी जमिनीवर मांडी घातली, मोबाइल नातवाच्या छातीच्या उंचीला धरला आणि दहा-बारा फूट मागे सरकून झूम केलं. सरांचा फोटोही तसाच, त्यांच्या चेहऱ्याच्या उंचीवरून, तेवढ्याच अंतरावरून. दोघांनाही एकाच ओसरीत, उजेड डावीकडून येईल असं उभं केलं. सरांच्या नाकाची सावली आणि नातवाच्या शर्टाच्या चुण्यांची सावली एकाच बाजूला पडली की निम्मं काम झालं. आणि हो, फोटो व्हॉट्सॲपवर साधा पाठवायचा नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा. डोकं पुढे मोठं करायचं असतं, तिथे फुटलेला फोटो लगेच दिसतो.

गणवेशावर मात्र अडलं. नातवाची चड्डी गुडघ्याच्या वर होती. सर म्हणाले, "पोस्टर चालेल, पण माझे गुडघे उघडे नकोत." बरोबर होतं त्यांचं. अंग नातवाचं असलं तरी बघणारा चेहऱ्यावरून म्हणणार सरच उभे आहेत, आणि गुडघ्यापर्यंत झाकलेलं असावं हा नियम सरांनी स्वतः किती पोरांना शिकवलेला. समितीतला एक जण म्हणाला, मग फुलपँट घालू. पण फुलपँट घातली की लहानपणाची खूणच जाते, आणि सर पुन्हा कमी उंचीचे गृहस्थ दिसू लागतात. तोडगा सरांच्या सुनेने काढला. पुढच्या दोन वर्षांचा विचार करून घेतलेला, वाढत्या अंगाचा गणवेश घरात होताच. चड्डी गुडघ्याच्या खाली चार बोटं, बाह्या बोटांच्या पेरांपर्यंत, खांदे उतरलेले. हे इतकं कामाचं निघालं की पुढे अशा प्रत्येक कामाला मी हेच सांगणार आहे. सैल कपड्यात मूल आणखी लहान दिसतं, आणि मराठवाड्यात जून महिन्यात शाळेत गेलेल्या कुणालाही तो गणवेश ओळखीचा वाटतो.

आता हिशेब. पडद्यावर नातू टाचेपासून डोक्यापर्यंत १८०० पिक्सेल उंच होता. त्याचं स्वतःचं डोकं ३००. म्हणजे सहा डोकी, वयाला अगदी धरून. हनुवटीच्या खालचं अंग १५००. हे १५०० आपण हलवत नाही, फक्त वरचं डोकं बदलतो. सरांचं डोकं २४० ठेवलं तर एकूण उंची १७४० आणि ती डोक्याच्या सव्वासात पट. हे मोठ्या माणसाचं प्रमाण. दिसेल काय, तर एक किडकिडीत प्रौढ शाळेच्या कपड्यात. ३०० ठेवलं तर बरोबर सहा पट, कागदावर मुलाचंच माप. पण चेहरा मोठ्याचा, जबडा भरलेला, डोळे मध्यावर. त्यामुळे तो मूल न वाटता बुटका माणूस वाटतो. म्हणजे सगळ्यात 'बरोबर' वाटणारं माप हेच आपल्या कामात सगळ्यात वाईट. ३७५ ठेवलं तर १८७५ भागिले ३७५, पाच पट. इथून गंमत सुरू होते. ५०० ला चार पट, व्यंगचित्र. त्याच्याही पुढे ६०० च्या आसपास गेलं की डोक्याची रुंदी खांद्यांएवढी होते आणि अंग फक्त डोकं टेकवायला ठेवलेल्या स्टँडसारखं दिसतं.

मध्येच एक खरं माप सांगतो, कारण लोक विचारतात की डोकं 'खऱ्या साइजचं' बसवलं तर? मोठ्या पुरुषाचं डोकं हनुवटीपासून टाळूपर्यंत साधारण साडेबावीस सेंटीमीटर, सहा वर्षांच्या मुलाचं एकोणीसच्या आसपास. फरक इतका थोडा असतो हे ऐकून सगळे चकित होतात. नातवाची उंची ११५ सेंटीमीटर, त्या हिशेबाने सरांचं खरं डोकं पडद्यावर ३५० पिक्सेलच्या जवळ येतं, म्हणजे सव्वापाच पट. खऱ्या मापाचं डोकं सहा वर्षांच्या अंगावर फारसं हास्यास्पद नसतंच. हसू हवं असेल तर खऱ्याच्या थोडं पुढे जावं लागतं.

मी ४२० ठरवलं आणि काम भाच्याकडे दिलं. त्याने तासाभरात करून दाखवलं आणि स्वतःच तोंड वाकडं केलं. "मामू, ये तो सर बच्चे नै लगते. अप्पू राजा लगते." मी बघितलं, खरंच तसं होतं. पण आकडा त्याने नीट टाकला होता. घोळ मोजण्यात होता. त्याने दाढीच्या टोकापासून टोपीच्या माथ्यापर्यंत माप घेतलं होतं. सरांच्या मूळ फोटोत ते ५६० भरत होतं. ते ५६० आक्रसून त्याने ४२० केलं होतं.

आता सरांचं खरं डोकं किती? दाढी हनुवटीच्या खाली मूठभर, टोपी टाळूच्या वर दोन-तीन बोटं, तीही सरांची टोपी उंच भिंतीची. हनुवटीही दिसत नाही, टाळूही दिसत नाही. अशा वेळी चेहऱ्यात जे उघडं आहे त्यावरून मोजायचं. भुवईपासून नाकाच्या बुडापर्यंतचं अंतर घ्या. जवळजवळ तेवढंच अंतर नाकाच्या बुडापासून हनुवटीपर्यंत असतं, आणि तेवढंच भुवईपासून केसांच्या रेषेपर्यंत. त्याच्यावर अर्धा वाटा टाळूचा. म्हणजे पूर्ण डोकं या अंतराच्या साडेतीन पट. माणसागणिक थोडं इकडेतिकडे होतं, पण पोस्टरच्या कामाला हे पुरतं. सरांचं भुवई ते नाक ११० पिक्सेल होतं. साडेतीन पट केलं की ३८५.

म्हणजे खरं डोकं ३८५ आणि भाच्याने मोजलेलं ५६०. त्याने ५६० चं ४२० केलं तेव्हा आतलं खरं डोकं झालं सुमारे २९०. म्हणजे तो न कळत त्याच सहा पटीच्या जागेवर जाऊन पोहोचला होता जिथे माणूस बुटका दिसतो. टोपी आणि दाढी ही डोक्याचा भाग नाहीत, डोक्यावर घातलेल्या आणि डोक्याला आलेल्या गोष्टी आहेत, हे तोंडाने सगळे मान्य करतील, पण माउस हातात आला की चौकट टोपीच्या टोकाला आणि दाढीच्या टोकालाच जाऊन भिडते. आमच्याकडच्या निम्म्या गिऱ्हाइकांना दाढी आणि टोपी दोन्ही असते. फेटा बांधलेल्या पाटलांचं आणि पदर घेतलेल्या बायकांचंही तेच. सगळीकडे भुवई ते नाक मोजायचं, बाकी सोडून द्यायचं.

दुसऱ्यांदा करताना ३८५ चं डोकं ४२० करायचं, म्हणजे `109%`. `Ctrl+T` दाबून वाढवताना फिरवण्याचा बिंदू चौकटीच्या मध्यावर असतो. तो उचलून हनुवटीवर ठेवायचा, नाहीतर डोकं वरही वाढतं आणि खालीही, आणि दाढी शर्टाच्या तिसऱ्या बटणापर्यंत येते. मग 'पा' चा धडा. भुवयांच्या वरचा भाग निवडून फक्त उभा ताणायचा, दहा-बारा टक्के. टोपी त्याच्याबरोबर वर सरकते, कपाळ उघडं पडतं, डोळे आपोआप मध्याच्या खाली जातात. डोकं ४४० च्या आसपास झालं आणि एकूण उंची त्याच्या साधारण साडेचार पटीच्या किंचित आत आली. भुवयांच्या खाली मात्र काही लावायचं नाही. डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या, पांढरी दाढी, चष्मा सगळं जसंच्या तसं. तेही गुळगुळीत केलं तर कुणाचं पोस्टर आहे तेच कळणार नाही.

मान कुणाची ठेवायची, हा शेवटचा प्रश्न. उत्तर नेहमी मुलाचीच. मोठ्या पुरुषाची मान जवळजवळ जबड्याइतकी रुंद असते. ती मुलाच्या कॉलरमध्ये मावत नाही, आणि कॉलर ताणून मावली तर खांदे खोटे दिसू लागतात. सरांचं डोकं जबड्याच्या खालून सोडवलं, नातवाची बारीक मान आणि वरचं बटण लावलेली कॉलर तशीच ठेवली. सांधा दाढीच्या मागे लपला. आत्तापर्यंत त्रास देणारी दाढी इथे उपयोगी पडली. बिनदाढीच्या माणसाला या जागी अर्धा दिवस जातो. दाढीची कॉलरवर पडणारी सावली मात्र हाताने द्यावी लागली, अगदी हलकी, उजव्या बाजूला. ती नसेल तर डोकं चिकटवल्यासारखं तरंगतं.

नातवाचे हात आम्ही दप्तराच्या पट्ट्यांवर ठेवले होते, तेही मुद्दाम. मोठ्या माणसाचा पंजा त्याच्या हनुवटीपासून केसांपर्यंत पुरतो; मुलाचा पंजा सरांच्या मोठ्या केलेल्या चेहऱ्याजवळ आला तर बाहुलीच्या हातासारखा दिसतो. समितीला सलाम करणारी पोझ हवी होती. ती करून पाहिली, आणि त्यांनीच नको म्हटलं.

तयार झाल्यावर चित्र मोबाइलवर घेऊन, स्क्रीनवर अंगठ्याएवढं लहान करून ओळखीतल्या तिघांना दाखवलं. त्यांना विषय सांगितला नव्हता. लांबून फ्लेक्स जेवढा दिसतो तेवढंच ते दिसतं. विचारायचं एवढंच, "हे कोण?" पहिल्या डोक्याला, म्हणजे भाच्याने आधी केलेल्याला, दोघे "सर" म्हणाले होते आणि गप्प झाले होते. दुसऱ्याला तिघेही आधी हसले, मग म्हणाले, "सर पहिलीत!" माझ्या मते परीक्षा हीच. नाव आधी आलं आणि मग अवघडलेली शांतता आली, तर डोकं लहान आहे. हसू आधी आलं आणि नाव नंतर, तर बसलं. हसू आलं पण नाव आलंच नाही, तर डोकं फार वाढलं किंवा चेहरा फार साफ केला.

चौकात लावायचं नाही, हे सरांनीच ठरवलं. मशिदीच्या वाटेवर स्वतःचा चेहरा एवढा मोठा टांगलेला त्यांना नको होता, आणि आपल्यात काही बुजुर्गांना ते रुचतही नाही. तीन बाय पाच फुटांचा एकच फ्लेक्स निघाला, शाळेच्या हॉलमध्ये, कार्यक्रमापुरता. सर आले, चष्मा पुसला, जवळ जाऊन गणवेशाची चड्डी गुडघ्याच्या किती खाली आहे ते बोटांनी मोजलं आणि सुनेकडे वळून म्हणाले, "पुढच्या वर्षी बरोबर बसेल."